दर शुक्रवारी अहवाल हिरवा, आणि चार हजार खात्यांचा मेळ नाही

ओळंबा (धागाकर्ता)

मी एका सॉफ्टवेअर प्रकल्पाचा व्यवस्थापक असून माझी टीम दहा-बारा जणांची आहे. ग्राहकाची जुनी बिलिंग प्रणाली बंद करून तिच्यातली सुमारे दोन लाख खाती नव्या प्रणालीत न्यायची, असे कामाचे स्वरूप आहे. प्रत्यक्ष स्थलांतरापूर्वी तीन रंगीत तालमी ठरल्या होत्या आणि प्रत्येक तालमीनंतर दोन्ही प्रणालींतली शिल्लक खातेनिहाय ताडून पाहायची होती. दर शुक्रवारी माझ्याकडे एकपानी अहवाल येतो. त्यात प्रत्येक कामापुढे हिरवा, पिवळा किंवा लाल ठिपका असतो. स्थलांतरापुढचा ठिपका सुरुवातीपासून हिरवाच होता.

गेल्या आठवड्यात ग्राहकाच्या लेखा विभागातील बाईंनी फोनवर सहज विचारले, "त्या चार हजार खात्यांचे पुढे काय ठरले?" ती चार हजार खाती कोणती, हेच मला माहीत नव्हते. चौकशी केल्यावर कळले की पहिल्या तालमीत ४,१०० आणि दुसऱ्या तालमीत ३,८०० खात्यांची शिल्लक जुळली नव्हती. आमच्या टेस्टरने काही खात्यांची जुनी बिले पडताळणीसाठी त्या बाईंकडून मागवली होती, म्हणून त्यांना ते ठाऊक होते. थोडक्यात, ग्राहकाला माहीत, टीममधल्या जवळपास सर्वांना माहीत, फक्त मला नाही.

मग मी कागद उलट्या क्रमाने वाचत गेलो. टेस्टरची मूळ नोंद अशी होती: "४,१०० खात्यांत शिल्लक जुळत नाही. बहुतेक खाती अर्धवट भरणा झालेली. कारण सापडलेले नाही." लीडने समन्वयकाला लिहिले: "काही खात्यांत तफावत आहे, तपास सुरू आहे." समन्वयकाच्या टिपणात ते "किरकोळ तफावती वगळता तालीम पूर्ण" असे झाले, आणि माझ्या अहवालात "पहिली तालीम पूर्ण" एवढेच उरले. यातले एकही वाक्य धडधडीत खोटे नाही, ही गोष्ट मला सर्वांत जास्त खटकते आहे.

मी कधी आवाज चढवत नाही, कुणाचा चारचौघांत पाणउतारा केल्याचे मला आठवत नाही आणि काहीही अडले तर थेट माझ्याकडे या, असे मी वारंवार सांगत असतो. मग ही माणसे कशाला घाबरतात? निनावी सर्वेक्षण घ्यावे काय? स्थलांतराची तारीख जवळ आली आहे, परंतु तांत्रिक बाजूचे काम सुरू झाले आहे. मला सल्ला हवा आहे तो या लपवण्याविषयी.

काटकोन

स्पष्ट लिहितो, राग मानू नये. आपण याला भीती म्हणत आहात, मी कामचुकारपणा म्हणेन. हिरवा म्हणजे काय आणि लाल म्हणजे काय, याची व्याख्या लिहून ठेवली आहे का? नसेल तर प्रत्येक जण आपल्या सोयीचा रंग लावणारच. अर्ध्या टक्क्याहून अधिक खाती जुळली नाहीत तर पिवळा, एका टक्क्याहून अधिक असतील तर लाल, असा नियम करा. चार हजार म्हणजे दोन टक्के होतात, तेव्हा वादाला जागाच उरली नसती. आणि नियम मोडून माहिती दडवणाऱ्यावर लेखी कारवाई करा. एकदा केली की पुन्हा कुणी दडवणार नाही.

मध्यलय

मी यातून गेले आहे. आमच्या विभागातली काही पदे कमी होणार हे मला आधी कळले होते आणि ते टीमला कसे सांगावे या विचाराने झोप उडाली होती. शेवटी मी प्रत्येकाला स्वतंत्रपणे बोलावून सांगितले आणि तेच योग्य ठरले. वाईट बातमी सर्वांना एकत्र सांगू नये, असे माझे मत आहे.

ओळंबा

मध्यलय, आभार. माझा प्रश्न मात्र उलट दिशेचा आहे. बातमी खालून वर येत नाही, ही माझी अडचण आहे.

काटकोन, रंगांची व्याख्या नव्हती, हे खरे. ती करायला हवी, हेही मान्य.

निमूट

मी तुमच्या टेस्टरच्या जागी बसणारी व्यक्ती आहे. म्हणजे तुमच्या टीममध्ये नाही, पण तेच काम करते. म्हणून खालून काय दिसते ते लिहिते.

ठिपका पिवळा केला की आमच्याकडे पुढे काय घडते ते पाहा. दुपारी साहेबांचा अतिशय सौम्य भाषेत निरोप येतो: "नेमके काय झाले आहे, कारण काय, किती दिवस लागतील आणि सुधारणेचा आराखडा काय, ते संध्याकाळपर्यंत कळवा." कारण शोधायलाच तर वेळ हवा असतो, पण तो आता आराखडा लिहिण्यात जातो. दुसऱ्या दिवसापासून सकाळी अर्ध्या तासाची खास आढावा बैठक सुरू होते. तिला चार वरिष्ठ येतात आणि प्रत्येकाला पहिल्यापासून सांगावे लागते. त्यात मी दिलेली अंदाजी तारीख चुकली, तर मूळ बिघाड बाजूला राहतो आणि "तुम्ही तारीख पाळली नाही" हा माझा दोष होऊन बसतो. म्हणजे ज्याने बातमी आणली त्याच्याच गळ्यात ती पडते, जरी तो बिघाड त्याने केलेला नसला तरी.

यात कुणीही ओरडलेले नसते. तरीही पुढच्या खेपेस मी विचार करते की शुक्रवारपर्यंत कारण सापडेलच, मग आताच पिवळे कशाला करा. आणि असे शुक्रवार जात राहतात.

उंबरठा

निमूट यांच्याशी सहमत. मी त्या साखळीतला दुसरा माणूस आहे, म्हणजे "काही खात्यांत तफावत आहे" असे लिहिणारा लीड. आमच्यावर शब्द बोथट केल्याचा आरोप होतो आणि तो खोटा नाही, पण त्यामागे काय असते तेही सांगितले पाहिजे.

पहिली गोष्ट अशी की पहिल्या दिवशीचा आकडा बहुधा फुगलेला असतो. चार हजारांतली निम्मी खाती ताडून पाहण्याच्या पद्धतीतच चूक असल्यामुळे जुळत नसतील, ही शक्यता नेहमी असते. आज मी ४,१०० म्हणून वर कळवले आणि परवा ती ३०० निघाली, तर "उगाच धावपळ करायला लावली" हे ऐकावे लागते. उलट आज "काही" म्हटले आणि परवा ३०० निघाली, तर कुणी काही बोलत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे टेस्टर नवीन असेल तर त्याला थेट प्रश्नांच्या तोंडी देणे मला जिवावर येते. मी त्याला वाचवतो आहे असे मला वाटते, आणि त्या वाचवण्यात आकडा गळून जातो. समन्वयकही वरच्या पायरीवर हेच करतो, त्यामुळे प्रत्येकाने थोडेसेच सौम्य केले तरी शेवटी काही उरत नाही.

जुनी_पाटी

माझी बरीच वर्षे गुणवत्ता आणि सुरक्षिततेच्या कामात गेली आहेत. ओळंबा, सर्वेक्षणाचा बेत तूर्त बाजूला ठेवा, असे मी सुचवेन. दहा-बारा जणांत निनावी असे काही नसते; वाक्याच्या ठेवणीवरून कोण बोलले ते सर्वांना कळते आणि हे त्यांनाही ठाऊक असते. तुमच्या हाती येईल ते आणखी एक हिरवे पान.

त्याऐवजी स्वतःला दोन प्रश्न विचारा. तुम्हाला टीममधल्या कुणी शेवटची वाईट बातमी आपण होऊन केव्हा दिली आणि त्यावर तुमच्या तोंडचे पहिले वाक्य काय होते? दुसरा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे: ती बातमी देणाऱ्याचे पुढच्या सहा महिन्यांत काय झाले? तुमचे दार उघडे आहे की नाही हे लोक तुमच्या बोलण्यावरून ठरवत नाहीत. त्या दारातून आधी गेलेल्याचे काय झाले, ते पाहून ठरवतात.

काटकोन यांच्या सूचनेबद्दल. व्याख्या हवी, यात दुमत नाही. कारवाईने मात्र नेमके उलट होईल. माहिती दडवल्याबद्दल शिक्षा करायची, तर दडवल्याचे आधी उघडकीस यावे लागते. अशा नियमानंतर पहिली सुधारणा होते ती दडवण्याच्या कौशल्यात: टेस्टरची मूळ नोंदही "काही खात्यांत" अशीच होईल आणि ओळंबांना मागे जाऊन वाचायला कागद उरणार नाही. विमानवाहतुकीत हा प्रश्न फार पूर्वी सोडवावा लागला. अमेरिकेत १९७६ पासून वैमानिकांच्या आणि नियंत्रकांच्या अहवालांची एक व्यवस्था चालू आहे. तिच्यात अहवाल नियामकाकडे न जाता नासाकडे जातो, तेथे तो पाठवणाऱ्याची ओळख काढून टाकली जाते, आणि अनवधानाने नियमभंग घडला असून दहा दिवसांत कळवले असेल तर सहसा दंड माफ होतो. जाणूनबुजून केलेल्या कृत्याला, गुन्ह्याला किंवा अपघाताला ही सवलत नाही. म्हणजे शिस्त सोडलेली नाही, फक्त सांगणे हे न सांगण्यापेक्षा स्वस्त केले आहे.

काटकोन

विमानात जिवाचा प्रश्न असतो आणि तेथे नासा हा तिसरा पक्ष आहे. दहा माणसांच्या टीममध्ये तिसरा पक्ष कोठून आणायचा? आणि सांगणाऱ्याला सगळे माफ म्हटले, तर ज्याने कोड मुळात चुकीचा लिहिला त्याला जाब कोण विचारणार?

जुनी_पाटी

तिसऱ्या पक्षाविषयीचा मुद्दा बरोबर आहे. ती व्यवस्था जशीच्या तशी येथे लागू होणार नाही. जाब विचारण्याला माझी हरकत नाही, फक्त तो बातमीच्या बैठकीत विचारू नये. बातमी आल्या दिवशी "हे कसे झाले?" विचारणे आणि "हे कोणी केले?" विचारणे, हे ऐकणाऱ्याला एकच वाटते.

ओळंबा

जुनी_पाटी यांचे दोन प्रश्न मी मनावर घेतले. टीमची बैठक न बोलावता एकेकाशी बोललो. "तुम्ही मला का सांगितले नाही?" असे विचारायचे नाही, एवढे ठरवले होते, त्याऐवजी "त्या शुक्रवारी ठिपका पिवळा केला असता, तर पुढे काय झाले असते असे तुम्हाला वाटत होते?" असे विचारले. पहिल्या दोघांकडून गुळमुळीत उत्तरे आली. तिसऱ्या व्यक्तीने एका सहकाऱ्याचे नाव घेतले आणि म्हटले, "त्याचे झाले तसे."

तो प्रसंग मला आठवायला वेळ लागला. गेल्या वर्षी एका सहकाऱ्याने भर बैठकीत सांगितले होते की पावती छापण्याचा भाग ठरलेल्या तारखेला होणार नाही. मी त्याला "संध्याकाळपर्यंत आराखडा दे" म्हणालो. त्याच्यावर ताण आहे असे वाटल्याने आठवडाभरात तो भाग त्याच्याकडून काढून दुसऱ्याला दिला. मला वाटले की त्याचा भार हलका केला. वर्षअखेरच्या मूल्यमापनात त्याच्या कागदावर "नियोजनात सुधारणेस वाव" असे एक वाक्यही होते. मला या तीन वेगवेगळ्या, किरकोळ गोष्टी वाटत होत्या. टीमने त्या सलग वाचल्या: खरे बोलला, काम गेले, शेरा लागला. हे सर्वांना तपशीलवार पाठ आहे, आणि बहुधा नव्याने आलेल्यांनाही पहिल्याच महिन्यात सांगितले जाते.

दुसरे एक वाक्य वारंवार कानावर आले. "समस्या घेऊन येऊ नका, उपाय घेऊन या", असे मी म्हणत असे. लोकांनी स्वतः विचार करावा, एवढाच माझा हेतू होता. टेस्टरने त्याचा सरळ अर्थ घेतला: ४,१०० खात्यांवर उपाय सापडलेला नसल्यामुळे ती सांगण्याजोगी बाब नव्हती.

निमूट

ते वाक्य प्रत्येक कार्यालयात असते. त्याचा परिणाम असा की सोप्या अडचणी वर पोहोचतात आणि अवघड तेवढ्या खाली राहतात.

जुनी_पाटी

निमूट यांनी नेमके सांगितले. आता करायचे काय, याबद्दल थोडे लिहितो.

फोर्ड कंपनीतला एक प्रसंग बराच सांगितला जातो. २००६ मध्ये अॅलन मुलाली बोइंगमधून तेथे प्रमुख म्हणून आले, तेव्हा कंपनी अब्जावधी डॉलरच्या तोट्यात होती आणि साप्ताहिक आढाव्यात मात्र सगळ्यांचे तक्ते हिरवे असत. शेवटी मार्क फील्ड्स यांनी एका नव्या गाडीच्या उत्पादनापुढे लाल रंग दाखवला आणि मुलालींनी टाळ्या वाजवल्या. व्याख्यानांमधून ऐकवल्या जातात त्या या टाळ्याच. मला त्यापुढचे दोन तपशील मोलाचे वाटतात. मुलालींनी फील्ड्स यांच्याकडे आराखडा मागितला नाही; यात त्यांना कोण मदत करू शकेल, असे त्यांनी इतरांना विचारले. म्हणजे बातमीचे ओझे सांगणाऱ्यावर न पडता खोलीत वाटले गेले. आणि इतरांचे तक्ते लगेच रंगीत झाले नाहीत. फील्ड्स यांची गच्छंती होणार असे अनेकांना वाटत होते. ते जागेवर राहिल्याचे दिसले, तेव्हा इतरांनी रंग बदलायला सुरुवात केली. पुढे २०१४ मध्ये तेच कंपनीचे प्रमुख झाले.

तुमच्याकडे यावरून करता येण्याजोगे असे आहे. बातमीची आणि उपायाची बैठक वेगळी करा, मध्ये निदान एक दिवस जाऊ द्या. बातमी ऐकल्यावर विचारायचे ते "तुला यात काय लागेल?" एवढेच. ज्याने बातमी दिली, त्याच्याकडून काम काढायचे असेल तर ते त्याने मागितले तरच. अहवालात रंगाशेजारी टेस्टरने लिहिलेला मूळ आकडा जसाच्या तसा येऊ द्या. लीडला त्यावर स्वतःचे मत लिहायला वेगळी जागा ठेवा. त्यामुळे उंबरठा यांची अडचणही सुटते, कारण "आकडा फुगलेला असू शकतो" हे त्यांना आकडा न पुसता लिहिता येते.

आणि पहिले काही आठवडे पिवळे-लाल ठिपके वाढतील, त्याने दचकू नका. एमी एडमंडसन या संशोधिकेने नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास केला, तेव्हा चांगले नेतृत्व आणि मोकळे संबंध असलेल्या विभागांत चुकांची नोंद जास्त आढळली. त्यांनी अपेक्षा धरली होती त्याच्या हे उलट होते. ते विभाग अधिक चुकत नव्हते, चुका अधिक उघड बोलत होते, असा उलगडा त्यांना पुढे झाला.

उंबरठा

आकडा आणि मत वेगळे ठेवण्याची सूचना मला पटली. तरी एक शंका राहते. टेस्टरचा आकडा थेट साहेबांपुढे जाणार हे कळले, की काही लीड तो आकडा नोंदवण्यापूर्वीच टेस्टरला "अजून एकदा ताडून पाहा" म्हणत राहतील. गळती एक पायरी खाली सरकेल इतकेच.

जुनी_पाटी

सरकेल, हे नाकारता येत नाही. तालीम संपल्यावर ताडून पाहण्याचा निकाल आपोआप अहवालात पडेल अशी सोय करता आली, तर ही गळती बरीच कमी होते. जेथे आकडा यंत्रातून येत नाही, तेथे मात्र ती शंका कायम राहणार.

निमूट

ओळंबा, एक विचारू का? तुम्ही स्वतः वर जो अहवाल पाठवता, त्यात ही चार हजार खाती कोणत्या शब्दांत लिहिली? विचारण्याचे कारण असे की आमच्याकडे साहेबांनी "मोकळेपणाने सांगा" म्हटले आणि आम्ही सांगितलेही. मग त्यांचा वर गेलेला अहवाल चुकून आमच्या पाहण्यात आला. त्यात तेच काम हिरवे होते. त्यानंतर आम्हीही त्यांना पुन्हा हिरवेच देऊ लागलो, कारण त्यांना काय हवे आहे ते कळले होते.

ओळंबा

प्रश्न वर्मी लागला. या आठवड्यापर्यंत मी वर "पडताळणी प्रगतिपथावर" असे लिहीत होतो. ग्राहकाच्या करारात उशिराबद्दल दंडाचे कलम आहे आणि आमच्या वरिष्ठांना तो शब्दही आवडत नाही.

तिसरी तालीम काल झाली. अर्धवट भरणा ज्या क्रमाने जमा झाला तो क्रम जुन्या प्रणालीत तारखेवर आणि नव्या प्रणालीत पावती क्रमांकावर अवलंबून होता, हे कारण टेस्टरला आणि त्या लेखा विभागातल्या बाईंना मिळून सापडले. ते दुरुस्त केल्यावर १,१०० खाती उरली आहेत. त्यांचे कारण अद्याप कळलेले नाही. हा आकडा मी जसाच्या तसा वर पाठवला आणि ठिपका पिवळा केला. तासाभरात उत्तर आले: सुधारणेचा आराखडा संध्याकाळपर्यंत पाठवावा.

काटकोन

मला वाटते, आपण येथे एक गोष्ट नजरेआड करत आहात. तुमच्या वरिष्ठांनी आराखडा मागितला यात वावगे काय? दंड त्यांना भरायचा आहे. आणि १,१०० म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या वर, तेव्हा माझ्या नियमानेही हा ठिपका पिवळाच येतो.

ओळंबा

पिवळ्याबद्दल आपले एकमत आहे, आणि मी तो नियम "ठिपका लीडने नव्हे, आकड्याने ठरेल" या स्वरूपात घेतलाही आहे. आराखडा मागण्यात वावगे नसेल, परंतु त्याच संध्याकाळी मागितल्यावर खरा आराखडा मिळत नाही. मी तो टीमकडून न घेता स्वतः लिहिला: उरलेल्या खात्यांचे कारण माहीत नाही, कारण सापडेपर्यंत तारीख देणार नाही, आणि न सापडल्यास ती खाती काही काळ जुन्या प्रणालीतच ठेवावीत. वरिष्ठांचे उत्तर आलेले नाही.

उंबरठा

टीमला तो अहवाल दाखवलात का?

ओळंबा

हो, पाठवण्यापूर्वी. टेस्टरने "कारण माहीत नाही" हे शब्द दोनदा वाचले आणि हे खरेच असे पाठवणार का, म्हणून विचारले. बाकी कुणी काही बोलले नाही.

ज्या सहकाऱ्याच्या कागदावर तो शेरा होता, त्याच्याशीही बोललो. त्याने फार ताणले नाही, पण "तेव्हा काम का काढले, ते कुणी सांगितले नव्हते" एवढे म्हणाला. गेल्या वर्षीचे मूल्यमापन बंद झाले असल्याने त्यात बदल करता येत नाही. त्याला पुरवणी टीप जोडता येईल का, म्हणून मनुष्यबळ विभागाला लेखी विचारले आहे. कुणाच्या कार्यालयात अशी सोय असेल आणि तिचा नमुना उपलब्ध असेल, तर कृपया येथे कळवावे.